मणक्याची गादी सरकली: थांबायचं कधी आणि ऑपरेशनला न्यायचं कधी

पत्र: आमचा डॅशहंड चिंटू पाच वर्षांचा आहे. चार दिवसांपूर्वी सोफ्यावरून उतरला आणि किंचाळला. पाठ वर काढून बसायचा, उचललं की ओरडायचा, पण चालत होता. डॉक्टरांनी एक्स-रे काढून गादी सरकली असावी असं सांगितलं, वेदनेच्या गोळ्या आणि विश्रांती दिली. काल तो मागच्या पायांत झोकांड्या खायला लागला. आज सकाळपासून मागून उभाच राहत नाही. पण मागचा पाय चिमटला की ओढून घेतो, म्हणजे संवेदना आहे ना? डॉक्टर आता एमआरआय आणि बहुधा ऑपरेशन म्हणताहेत. घरातले म्हणतात, पंधरा दिवस गोळ्यांना वेळ देऊ. ओळखीच्यांकडे त्यांच्या कुत्र्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या उरल्या आहेत, त्या चालतील का? आणि सोफ्यावर आम्हीच चढू द्यायचो, हे आमच्यामुळे झालं का?

उत्तर: आजच निघा. चार दिवसांपूर्वी मिळालेला सल्ला त्या दिवशी बरोबरच होता, पण तो दुखत असूनही चालणाऱ्या कुत्र्यासाठी होता. आज परिस्थिती वेगळी आहे. या आजारात गादी किती सरकली यावर निर्णय ठरत नाही. मज्जारज्जू किती काम करतोय आणि त्याचं काम सुधारतंय की घसरतंय, यावर तो ठरतो. चिंटूचं घसरतंय, आणि तेही वेगानं.

सोफ्याचं आधी सांगते, म्हणजे ते मनातून जाईल. डॅशहंडचे पाय आखूड असतात त्यामागे जे जनुकीय बदल आहेत, त्यांतलाच एक गाद्याही बिघडवतो. एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा प्रत त्यांच्या १२व्या गुणसूत्रावर असते, हे २०१७ मध्ये समजलं. तिच्यामुळे गादीचा आतला मऊ, पाणीदार गाभा अगदी कोवळ्या वयात, पहिल्या एक-दोन वर्षांतच, कोरडा आणि घट्ट व्हायला लागतो, त्यात चुना साठतो. मग बाहेरचं कडं चिरतं आणि एके दिवशी आतला चुनखडी गाभा वर, मज्जारज्जूच्या पोकळीत, उसळतो. त्या दिवशी सोफा नसता तर पायरी असती, नाहीतर नुसतं दारापर्यंत धावणं असतं. साधारण दर चार-पाच डॅशहंडांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हे होतं. तीन ते सात हे त्याचं नेहमीचं वय. उड्या कमी करणं चांगलंच, पण गादी त्याआधी कितीतरी वर्षं बिघडत आलेली असते.

आता श्रेणींचं बघू, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. पाठीच्या गादीसाठी बहुतेक ठिकाणी पाच श्रेणी धरतात. पहिलीत फक्त दुखणं असतं, चाल नीट असते. दुसरीत कुत्रा आपल्या पायांनी चालतो, पण झोकांड्या खातो, पाय एकमेकांत अडकतात, पंजा उलटा टेकून घासत जातो. तिसरीत तो स्वतःहून उभा राहून चालू शकत नाही, मात्र आधार दिला तर मागचे पाय थोडेफार स्वतःच्या इच्छेनं हलतात. चौथीत इच्छेनं होणारी हालचाल पूर्ण थांबते, पण पायाची खोलवरची वेदना मेंदूपर्यंत पोहोचते. पाचवीत तीही पोहोचत नाही. काही जण हाच क्रम उलटा मोजतात आणि शून्याला सर्वांत वाईट धरतात. म्हणून फोनवर नुसता आकडा सांगू नका, कुत्रा काय करतो आणि काय करत नाही ते सांगा.

हा क्रम कुणी सोयीसाठी ठरवलेला नाही. मज्जारज्जूवर दाब आला की पाय कुठे आहे हे कळवणारे जाड तंतू आधी बंद पडतात, म्हणून सुरुवात झोकांड्यांनी होते. मग हालचालीचे तंतू जातात, त्यांच्या आगेमागे लघवीवरचा ताबा. खोल वेदनेचे तंतू बारीक असतात, आत आणि दोन्ही बाजूंना विखुरलेले असतात, त्यामुळे ते सगळ्यात शेवटी जातात. ते गेले याचा अर्थ जवळजवळ पूर्ण जाडीभर इजा झाली. परत येतानाही क्रम उलटा असतो: आधी वेदना, मग हालचाल, झोकांड्या सगळ्यात शेवटी कमी होतात आणि कधी कधी थोड्या उरतातही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चिंटू चार दिवसांत पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून किमान तिसरीत आला आहे. तिसरी की चौथी, हे घरी ढोबळ कळू शकतं. घसरणार नाही अशा जमिनीवर त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग हलका उचलून धरा, पंजे जमिनीला टेकू द्या, आणि समोरून कुणाला तरी त्याला हाक मारायला सांगा. पाय पुढे टाकायचा थोडाही प्रयत्न दिसला तर तिसरी. पाय नुसते लोंबले तर चौथी किंवा त्याहून वाईट. तुम्हाला बघून किंवा नाव ऐकून शेपूट हलली तर तीही इच्छेची हालचाल. पण शेपटीखाली हात लागल्यावर किंवा शी होताना ती हलली तर तिला तसं धरू नका. हे एकदाच बघा, पुन्हा पुन्हा चालवून पाहू नका. हललेल्या गादीतून आणखी गाभा बाहेर यायला तेवढं पुरतं.

तुमच्या चिमट्याबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त घरं इथेच फसतात. पाय ओढून घेणं म्हणजे संवेदना आहे असं नाही. पंजा चिमटला की निरोप कमरेतल्या मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच स्नायूला पाय आखडण्याचा आदेश मिळतो. मेंदूला यातलं काही कळण्याची गरजच नसते. डॅशहंडची गादी बहुतेक वेळा छातीचे शेवटचे आणि कमरेचे पहिले मणके यांच्या आसपास फुटते. ही जागा पायांच्या त्या प्रतिक्षिप्त क्रियेच्या केंद्राच्या पुढे, डोक्याच्या बाजूला येते. म्हणजे वरचा रस्ता पूर्ण तुटला तरी खालचं केंद्र शाबूत राहतं आणि पाय झटक्यात मागे जातो, कधी कधी नेहमीपेक्षा जोरात. पाचव्या श्रेणीतले कितीतरी कुत्रे पाय छान ओढून घेतात, आणि घरचे म्हणतात, बघा, लागतंय त्याला.

खरी परीक्षा अशी असते. डॉक्टर चिमट्यानं बोटाचं नुसतं कातडं न धरता हाड दाबतात, दोन्ही पायांची आतली आणि बाहेरची बोटं दाबतात, आणि या वेळी पायाकडे न बघता तोंडाकडे बघतात. कुत्रा मागे वळला, ओरडला, चावायला आला, निदान कान पडले, डोळे मोठे झाले, श्वास थांबला, तर निरोप मेंदूत पोहोचला. पाय मागे गेला आणि चेहरा तसाच राहिला, तर पोहोचला नाही. घाबरलेला किंवा सोशिक कुत्रा यात चकवू शकतो, म्हणून शंका असेल तर थोड्या वेळानं पुन्हा तपासतात. हे घरी पकडीनं करू नका. तीव्र वेदनानाशकं देण्याआधी तपासणी झाली तर उत्तर जास्त स्वच्छ मिळतं, एवढं लक्षात असू द्या.

आता एमआरआय कशाला, एक्स-रे काढला आहे की? एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. दोन मणक्यांमधली फट अरुंद दिसली तर तिथे संशय घेता येतो, पण फुटलेली गादी तीच असेल याची खात्री नसते. चुना साठलेल्या गाद्या तर धडधाकट डॅशहंडच्या एक्स-रेतही दिसतात. हाड मोडलेलं नाही, मणका कुजवणारा संसर्ग किंवा हाड खाणारी गाठ ठळक दिसत नाही, एवढं सांगायला एक्स-रे उपयोगी आहे. त्याच्या भरवशावर पाठ उघडत नाहीत. शस्त्रक्रियेला नेमकी गादी आणि नेमकी बाजू, डावी की उजवी, कळावी लागते.

ते एमआरआयनं कळतं, आणि मज्जारज्जूला किती सूज आणि मार आहे हेही कळतं. सीटी स्कॅनही डॅशहंडमध्ये बऱ्याचदा पुरतो, कारण बाहेर आलेला गाभा चुनखडी असल्यामुळे त्यात पांढरा उठून दिसतो, आणि तो काही मिनिटांत होतो. सीटीत उत्तर मिळालं नाही किंवा लक्षणं जुळली नाहीत तर एमआरआय. म्हणून जवळ फक्त सीटी असेल तर एमआरआयसाठी दिवस घालवू नका, सीटी आणि सर्जन एकत्र असतील तिथे जा. दोन्ही तपासण्या कुत्रा स्थिर राहावा म्हणून बहुधा भूल देऊनच होतात. शक्य असेल तिथे त्याच भुलेत लगेच शस्त्रक्रिया करतात. म्हणूनच मी नेहमी विचारते: काही सापडलं तर ऑपरेशन करायची तयारी आहे का? असेल तर स्कॅन आजच. तयारीच नसेल तर त्या स्कॅननं उपचार फारसा बदलणार नाही, त्याचे पैसे पुढच्या शुश्रूषेला लावा.

चिंटू पहिल्या श्रेणीत होता तेव्हा स्कॅनची गरज नव्हती. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीतले बहुतेक कुत्रे किमान चार आठवडे पिंजऱ्यात बांधीव विश्रांती आणि वेदनेची औषधं यांवर सावरतात. तिथे स्कॅनकडे वळायचं ते तीन कारणांनी: वेदना औषधांनी आटोक्यात येत नाही, तेच दुखणं परत परत उलटतं, किंवा पायांचं काम घसरतं. तुमच्याकडे तिसरं कारण आहे आणि तेवढं एकच पुरेसं आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत शस्त्रक्रिया झाली तर दहातले नऊहून अधिक कुत्रे पुन्हा चालतात. तिसरीतले बरेचसे ऑपरेशनशिवायही उठतात, हे तुमच्या घरातल्यांना सांगायला हरकत नाही, पण त्यांना वेळ जास्त लागतो, चाल कच्ची राहण्याची आणि आजार उलटण्याची शक्यता जास्त असते. चौथीत ऑपरेशनशिवाय उठणारे दहात सहाच्या आसपास येतात. पाचवीत शस्त्रक्रिया करूनही साधारण निम्मे किंवा थोडे जास्तच चालतात, आणि न करता फारच थोडे. म्हणजे पंधरा दिवस थांबून चिंटू तिसरीतच राहिला तर तुमचं फारसं बिघडणार नाही. पण तो आज रात्री पाचवीत गेला तर बरं होण्याच्या शक्यता जवळपास निम्म्यावर येतील, आणि गेल्या दोन दिवसांचा वेग बघता मी तो डाव खेळणार नाही. चालणं थांबलेल्या कुत्र्याला त्याच दिवशी न्यूरोलॉजीची तपासणी हवी. पाचवीतल्याला तर त्याच तासाला. ४८ तास उलटले की काही उपयोग नाही, असं जे सांगितलं जातं तेवढं ते सरळ नाही. उशिरा गेलेले कुत्रेही चालायला लागले आहेत. पण त्या आधारावर थांबणं शहाणपणाचं नाही.

शस्त्रक्रियेत मणक्याच्या एका बाजूच्या हाडाला छोटी खिडकी पाडतात आणि मज्जारज्जूभोवती पडलेला गाभा अलगद काढून दाब सोडवतात. त्या गादीत आणि बऱ्याचदा शेजारच्या गाद्यांमध्येही छिद्र करून उरलेला गाभा काढून टाकतात, म्हणजे त्या पुन्हा फुटण्याची भीती कमी होते. ते करणार आहात का, हे सर्जनला जरूर विचारा. खोल वेदना शाबूत असलेले कुत्रे बहुधा दोन ते चार आठवड्यांत चालू लागतात. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस पाय आधीपेक्षा लुळे वाटले तर लगेच हाय खाऊ नका, मज्जारज्जू हाताळला गेल्यावर असं होतं.

एका गोष्टीबद्दल मात्र आधीच सांगून ठेवते. पाचव्या श्रेणीत गेलेल्यांपैकी दहात एक किंवा थोड्या जास्त कुत्र्यांत इजा झालेला मज्जारज्जू विरघळत जातो आणि ही नासाडी वर सरकते. बहुधा पहिल्या काही दिवसांतच हे कळतं. आधी आखडणारे पाय अचानक लुळे पडतात, गुदद्वार सैल पडतं, पाठीचं कातडं चिमटल्यावर जिथपर्यंत थरथरायचं ती रेषा दर काही तासांनी डोक्याकडे सरकते, ताप येतो, कुत्रा कशानंही शांत होत नाही. मग पुढचे पाय आणि शेवटी श्वास. यावर उपाय नाही, आणि त्याला श्वास कोंडण्यापर्यंत न्यायचं नसतं. म्हणून डॉक्टर पाठीवर पेनानं ती रेषा आखून ठेवतात. चिंटू आज त्या टप्प्यावर नाही, पण कुणी पाठीवर रेघ मारली तर ती का, हे तुम्हाला माहीत असावं.

उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांना हात लावू नका. चिंटू वेदनेच्या ज्या गोळ्या घेतोय त्या सूज उतरवणाऱ्या, बिगर-स्टेरॉइड प्रकारातल्या असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्यावर स्टेरॉइड पडलं की जठराला आणि आतड्याला व्रण होतात, रक्तस्राव होतो, कधी भोक पडतं. ते झालं तर पाठीचं ऑपरेशनही अडकतं. शिवाय नुसत्या स्टेरॉइडनंही गादीच्या कुत्र्यांना ठाम फायदा होतो असं दिसलेलं नाही, म्हणून आता ती सर्रास देत नाहीत. माणसांच्या वेदनेच्या गोळ्याही नकोत. मालिश, शेक, पाय ओढून व्यायाम हेही आत्ता नको.

लघवीकडे आज दिवसभर बघा. अंथरूण ओलं झालं म्हणजे त्यानं लघवी केली, असं धरू नका. ताबा गेला की मूत्राशय तुडुंब भरतं आणि वरचं थोडं थोडं गळत राहतं. पोट खाली ताणलेलं, टणक लागत असेल आणि आठ तासांत धार आली नसेल तर पोहोचल्या पोहोचल्या तेच पहिलं सांगा. ते हातानं दाबून रिकामं करणं दिवसातून तीन-चार वेळा लागू शकतं. त्याची पद्धत डॉक्टरांच्या हाताखाली तुमचा हात ठेवून शिका. वाचून केलं तर दाब चुकीच्या जागी पडतो.

ऑपरेशन खरोखर जमणारच नसेल, पैशामुळे असो की अंतरामुळे, तर तसं स्पष्ट सांगा. चिंटूला खोल वेदना असेल तर पिंजऱ्यातली चार ते सहा आठवड्यांची विश्रांती, नीट वेदनाशमन, मूत्राशयाची निगा आणि कूस बदलत ठेवणं, हा प्रामाणिक दुसरा मार्ग आहे. पिंजरा एवढा असावा की तो वळू शकेल, पण चालू शकणार नाही. वेदना संपली की तो बरा झाला असं वाटून तिसऱ्या आठवड्यात मोकळा सोडतात, आणि मग आमच्याकडे परत आणतात. ते करू नका. पायांत ताकद आलीच नाही तरी चाकांच्या गाडीवर दुखण्याशिवाय जगणारे डॅशहंड आहेत, पण लघवीचं काम रोजचं राहतं, हे घरात आधी बोलून घ्या.

निघण्याआधी फोन करा. सांगा: पाच वर्षांचा डॅशहंड, चार दिवसांपूर्वी पाठदुखी, काल झोकांड्या, आज मागून उभा राहत नाही, पुढचे पाय ठीक, टॉवेलच्या आधारावर पाय हलतात की नाही, शेवटची लघवी कधी, कोणती गोळी किती वाजता दिली. स्कॅन आज होईल का आणि सर्जन आज आहे का, हे दोन्ही विचारा. एकच असेल तर दुसरीकडे फोन करा. आता त्याला खायला देऊ नका, आज भूल लागू शकते, पाणी चालेल. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ आडवी सरळ ठेवून उचला आणि मोठ्या ताटलीसारख्या कडक पाटावर किंवा लहान पिंजऱ्यात ठेवून न्या. गोळ्यांची पाकिटं आणि तो एक्स-रे बरोबर घ्या.